माती परीक्षणाचा व्हिडिओ : खड्ड्यापासून गोणीपर्यंत. स्क्रिप्ट वाचून चुका काढा

पाटाकडचा | 19 ऑक्टोबर, रात्री 9:10

मंडळी, आमच्या शेतकरी गटासाठी माती परीक्षणावर दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ करतोय. नेवासा तालुका, मुळा कालव्याचं पाणी, काळी जमीन. सोयाबीन निघालंय, आता गहू. यूट्यूबवर या विषयाचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण सगळे खड्डा खणून दाखवतात, कापडी पिशवी दाखवतात आणि "अहवालानुसार खते द्यावीत" म्हणून हात जोडतात. आमच्या लोकांचं घोडं अडतं ते नेमकं तिथून पुढे. कागद हातात आला, आता दुकानात जाऊन काय मागायचं? म्हणून शेवट दुकानाच्या काउंटरवर करायचा आहे.

सध्याचा आराखडा असा. पहिला भाग, तीन एकरांच्या एका पट्टीत नागमोडी चालत पंधरा ठिकाणी खड्डे, सगळी माती घमेल्यात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. दुसरा भाग, अहवाल मोठा करून एकेक ओळ वाचायची. तिसरा भाग, एक एकर गव्हाचा हिशेब.

अहवाल आमच्याच एका सभासदाचा आहे, खाजगी प्रयोगशाळेतला. सामू 8.1, क्षारता 0.42, सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के, नत्र 84, स्फुरद 5, पालाश 241, गंधक 7.2, जस्त 0.42, लोह 3.9. त्याची आजवरची पद्धत म्हणजे एकरी 10:26:26 च्या दोन गोण्या पेरताना आणि युरियाच्या दोन गोण्या नंतर.

रविवारी शूटिंग आहे. त्याआधी जे बोलायचं ते बोला.

---

द्राक्षवेल | 19 ऑक्टोबर, रात्री 9:48

माती परीक्षणावर फार भर देऊ नका. आम्ही देठ परीक्षण करतो, खरड छाटणीनंतर 45 दिवसांनी एकदा आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात एकदा. मातीत असलेलं वेलीला मिळतंच असं नाही, देठ खोटं बोलत नाही. व्हिडिओत देठ कसं तोडायचं, कितवं पान घ्यायचं ते दाखवा.

---

पाटाकडचा | 19 ऑक्टोबर, रात्री 9:55

द्राक्षवेल, बागेसाठी बरोबर आहे तुमचं. इथे गहू आहे हो. देठ तपासायला पीक उभं तर राहू दे, आम्हाला पेरायच्या आधी ठरवायचंय.

---

दादासाहेब_बी | 19 ऑक्टोबर, रात्री 10:30

चांगला उपक्रम. हिशेब मी करून देतो, तसाच टाका.

महाराष्ट्रात सहा पायऱ्यांचा तक्ता चालतो. अत्यंत कमी असेल तर शिफारशीच्या 50 टक्के जास्त, कमी असेल तर 25 टक्के जास्त, मध्यमला शिफारस आहे तशी. थोडे जास्त असेल तर 10 टक्के कमी, जास्तला 25 टक्के कमी आणि अत्यंत जास्तला निम्मे. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी 120 नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश.

आता तुमचा अहवाल. नत्र 140 च्या खाली म्हणजे अत्यंत कमी, तुमचा 84. स्फुरद 7 च्या खाली अत्यंत कमी, तुमचा 5. पालाश 201 ते 250 थोडे जास्त, तुमचा 241. म्हणजे हेक्टरी 180 नत्र, 90 स्फुरद, 36 पालाश. अडीचने भागा, एकरी 72, 36 आणि साधारण साडेचौदा. झालं.

नमुना घ्यायला खोरं, टिकाव काहीही चालतं, त्यात फार शास्त्र नाही.

---

तिफण | 20 ऑक्टोबर, सकाळी 6:20

दादासाहेब, तक्ता तुम्ही बरोबर दिलात, टक्केही बरोबर. पण अहवाल चुकीच्या मापात वाचलात. तो तक्ता किलो प्रति हेक्टरचा आहे. हे आकडे पीपीएमचे असावेत असा मला दाट संशय आहे. पाटाकडचा, कागदावर 'एकक' नावाचा बारीक रकाना असेल, तो बघून सांगा.

संशय का, तेही सांगतो. माझी नोकरी माती तपासण्यातच गेली. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत उपलब्ध पालाश हेक्टरी 300 किलोच्या वर निघणं हे नेहमीचं, 241 हा अशा मातीला जरा अवघडलेला आकडा. त्याहून मोठी खूण नत्राची. सेंद्रिय कर्ब 0.48 म्हणजे त्याच तक्त्यात मध्यम, आणि नत्र हेक्टरी 84 म्हणजे तळाला? मातीतला बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेला असतो. कर्ब मधल्या पायरीवर आणि नत्र तळघरात, असं सहसा होत नाही. असे दोन आकडे एकमेकांशी भांडताना दिसले की आधी एकक बघायचं.

---

पाटाकडचा | 20 ऑक्टोबर, सकाळी 7:35

तिफण काका, बघितलं. मुख्य अन्नद्रव्यं, गंधक, जस्त, लोह, सगळ्यांपुढे मुंगीएवढ्या अक्षरात पीपीएम लिहिलंय. आमच्या गटात हा कागद निदान दहा जणांनी हाताळला असेल, एकाच्याही लक्षात आलं नाही. मग आता?

---

तिफण | 20 ऑक्टोबर, सकाळी 8:05

आता नत्र, स्फुरद, पालाश या तिघांना 2.24 ने गुणा. एक हेक्टर रानाच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन साधारण 22.4 लाख किलो धरतात. दहा लाखात एक भाग म्हणजे एक पीपीएम, म्हणून एका पीपीएमचे हेक्टरी 2.24 किलो होतात. गंधक, जस्त, लोह यांना हात लावू नका, त्यांच्या मर्यादा पीपीएममध्येच असतात.

नत्र 84 चे 188 झाले, म्हणजे 'कमी'. स्फुरद 5 चे 11.2, तक्त्यात 7 ते 14 मध्ये, तोही 'कमी'. पालाश 241 चे 540, आणि तक्त्यात 300 च्या वर 'अत्यंत जास्त'. बघा, तिन्हींची पायरी बदलली.

नवा हिशेब असा. नत्र 120 वर 25 टक्के वाढ, 150. स्फुरद 60 वर 25 टक्के वाढ, 75. पालाश 40 चा निम्मा, 20. एकरी 60, 30 आणि 8. दादासाहेबांच्या हिशेबाने एकरी 12 किलो नत्र जास्त पडला असता, म्हणजे 26 किलो युरिया. आधीच वाढलेल्या गव्हात हा युरिया पीक लोळवायला पुरे.

व्हिडिओत कॅमेरा अहवालावर नेलात की सगळ्यात आधी बोट एककाच्या रकान्यावर ठेवा. सामूवरसुद्धा नंतर.

---

दादासाहेब_बी | 20 ऑक्टोबर, सकाळी 9:15

मान्य. पण एक सांगा, मी ज्या कार्यशाळेला गेलो होतो तिथे तीनच पायऱ्या शिकवल्या. स्फुरद 10 पर्यंत कमी, 10 ते 25 मध्यम. त्याप्रमाणे 11.2 मध्यम होतो आणि वाढ द्यायचीच नाही. मग खरं कुठलं?

---

तिफण | 20 ऑक्टोबर, सकाळी 9:50

दोन्ही तक्ते वापरात आहेत. तीन पायऱ्यांचा देशभर फिरतो, सहा पायऱ्यांचा आपल्या राज्यात. कर्बाचंही तसंच, 0.48 तिकडे कमी आणि इकडे मध्यम. एका तक्त्यातली पायरी आणि दुसऱ्यातला टक्का असं कडबोळं तेवढं करू नका.

मी इथे वाढीच्या बाजूने आहे. सामू 8.1 आहे म्हणजे रानात चुनखड असणार, आणि चुनखडीच्या रानात टाकलेला स्फुरद बराचसा कॅल्शियमशी बांधला जातो. पण मुक्त चुन्याचा आकडा या अहवालात नाहीच. जमीन आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांतही तो नसतो, वेगळा मागावा लागतो. काळ्या जमिनीवाल्याने जरूर मागावा. तो 10 टक्क्यांच्या वर निघाला तर स्फुरद विस्कटून न टाकता बियाण्याजवळ ओळीत पेरण्याला जास्त महत्त्व येतं.

---

काउंटर | 20 ऑक्टोबर, दुपारी 1:40

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, म्हणून गोण्यांचं बोलतो. 60, 30, 8 हे आकडे घेऊन कोणी दुकानात आला तर दुकानातला पोरगा त्याच्याकडे बघतच राहील. गोणीत सांगा.

स्फुरद 30 किलो डीएपीतून घ्यायचा तर 65 किलो डीएपी, म्हणजे एक गोणी आणि वर 15 किलो. त्यातून नत्र जवळपास 12 किलो येतो, राहिलेल्या 48 साठी युरिया 105 किलो. युरियाची गोणी आता 45 किलोची आहे, 50 ची नाही. बरेच जण अजून जुन्याच हिशेबाने गोण्या मोजतात. म्हणजे सव्वादोन गोण्यांच्या किंचित वर.

पण हंगामात डीएपीची मारामार असते. सिंगल सुपर फॉस्फेटने करायचं तर त्यात 16 टक्के स्फुरद, गोणीला 8 किलो. पावणेचार गोण्या. मग सगळा नत्र युरियातून, 130 किलो, तीन गोण्यांना पाच किलो कमी.

आणि पालाश 8 किलो म्हणजे पोटॅश 13 किलो. मी गोणी फोडून सुटं विकत नाही, विकूही नये. चौघांनी मिळून एक गोणी घ्यायची आणि बांधावर वाटून घ्यायची.

---

तिफण | 20 ऑक्टोबर, दुपारी 2:30

काउंटर, तुमचा सुपर फॉस्फेटचा पर्याय इथे नाइलाजाचा नाही, पहिल्या पसंतीचा आहे. अहवालात गंधक 7.2 आहे आणि 10 च्या खाली कमतरता धरतात. सुपरमध्ये 11 टक्के गंधक असतं, म्हणजे पावणेचार गोण्यांतून वीस किलो गंधक फुकट मिळालं. डीएपीत ते नाही. गंधक 15-20 असतं तर मी म्हटलं असतं, मिळेल ते घ्या. एक ओळ पुढची वाचली की खताचं नाव बदलतं, हे व्हिडिओत बोलून दाखवण्यासारखं आहे.

---

रब्बीवाली | 20 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:15

माझा प्रश्न नमुन्यापाशीच अडलाय. मला जमीन आरोग्य पत्रिका मिळाली होती. माझ्या जाऊबाईंच्या पत्रिकेत आणि माझ्या पत्रिकेत दशांशापर्यंत तेच आकडे. त्यांचं रान वरच्या अंगाला मुरमाड, माझं ओढ्याकाठी काळं. दोन रानांचा सामू एक निघू शकतो का?

---

तिफण | 20 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:00

ताई, एखादा आकडा जुळेल, सगळे जुळणार नाहीत. पत्रिकेची योजना 2015 साली सुरू झाली तेव्हा नमुने चौकटीने घ्यायचे ठरलं होतं, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. त्या चौकटीत ज्यांची रानं आली त्या सगळ्यांना तेच आकडे. त्यात लबाडी नाही, पद्धतच ती. गावाचा अंदाज घ्यायला ठीक. पण तुमच्या रानात किती गोण्या, हे त्यावर ठरवू नका. स्वतः नमुना काढून द्या.

यावरून पाटाकडचा, तुमच्या पहिल्या भागावर येतो. तीन एकरांची पट्टी म्हणालात. ती सगळी एकसारखी आहे का?

---

पाटाकडचा | 20 ऑक्टोबर, रात्री 8:20

नाही काका. वरचा एकर हलका, मुरूम लागतो. खालचे दोन एकर भारी काळे. आणि अगदी शेवटाला चराजवळ सात-आठ गुंठे पांढरट पडलेत, तिथे सोयाबीनही विरळ होतं.

---

तिफण | 20 ऑक्टोबर, रात्री 9:05

मग तीन नमुने. वरचा एकर एक, खालचे दोन एकर दुसरा, आणि पांढरा तुकडा तिसरा. सगळं एका घमेल्यात कालवलंत तर जो सामू येईल तो तुमच्या रानात कुठेच नसेल. त्या तुकड्यातल्या चार खड्ड्यांची माती काळ्या रानाच्या नमुन्यात गेली की सामू आणि क्षारता उगीच चढते, आणि तुम्ही सगळ्या दोन एकरांची काळजी करत बसता. त्या तुकड्याला खत नाही, निचरा आणि चोपणाची तपासणी लागेल. तो विषय वेगळा, या व्हिडिओत घुसवू नका. नुसतं दाखवा की इथली माती घमेल्यात टाकायची नाही.

खड्ड्याचं. सगळ्या व्हिडिओत माणूस वरची माती खोऱ्याने ओढतो आणि पिशवीत भरतो. तसं नाही. आधी वरचा पालापाचोळा, सोयाबीनची गळ बाजूला करा, पण माती खरवडू नका. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा 20 सेंटिमीटर खोल खड्डा, त्यातली सगळी माती बाहेर फेकून द्यायची. आता खड्ड्याच्या तिरप्या बाजूवरून वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीचा काप उतरवा. नमुना म्हणजे तो काप. वरच्या चार बोटांत खताचा अंश जास्त असतो, तळाशी कमी. खोऱ्याने ओढलं की वरची माती जास्त येते आणि स्फुरद, पालाश दोन्ही फुगतात. इथे कॅमेरा खाली जमिनीजवळ आणा, शाळेची पट्टी खड्ड्यात उभी धरा. बोलण्यापेक्षा ती पट्टी जास्त कामाची.

आणि दादासाहेब, 'खोरं, टिकाव काहीही' हे अर्धंच खरं. नत्र, स्फुरद, पालाशापुरतं तपासायचं तर चालेल. जस्त आणि लोह तपासायचं असेल तर गंजलेलं लोखंड नको आणि जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली तर मुळीच नको. या अहवालात जस्त 0.42 आहे, मर्यादा 0.6. मामला पीपीएमच्या अपूर्णांकात आहे, बादलीतून आलेला कणभर जस्त कमतरता झाकून टाकायला पुरतो. खड्डा टिकावाने खणा, पण काप लाकडी फळीने किंवा स्टीलच्या उलथण्याने काढा. माती कालवायला प्लास्टिकचं घमेलं.

---

काउंटर | 20 ऑक्टोबर, रात्री 9:40

आणि खताच्या रिकाम्या गोणीवर माती वाळत घालू नका हे ठळक सांगा. लोक माझ्याकडे नमुने ठेवून जातात, त्यात युरियाच्या पिशवीत बांधलेलेही असतात. वर विचारतात, नत्र किती निघेल?

---

खाचर | 21 ऑक्टोबर, सकाळी 7:10

मी सिंधुदुर्गातली. भाताची खाचरं, वरकस जमीन, तांबडी माती. माझ्या अहवालात सामू 5.3 आहे. तुमचा तक्ता मला लागू होतो का? स्फुरदापुढे कंसात 'ब्रे' असं लिहिलंय, ते काय प्रकरण?

---

तिफण | 21 ऑक्टोबर, सकाळी 8:00

ताई, स्फुरदाचा तक्ता तुम्हाला लागू नाही. सामू अल्कधर्मी असेल तर स्फुरद ओल्सेन पद्धतीने काढतात, आम्ल जमिनीत ब्रे पद्धतीने. द्रावण वेगळं, मातीतून ओढला जाणारा स्फुरद वेगळा, त्यामुळे आकड्याचा अर्थही वेगळा. वर चर्चेत आलेली 7, 14 ही मापं ओल्सेनची. तुमच्या प्रयोगशाळेने ब्रे वापरलं हे चांगलंच झालं, म्हणजे त्यांनी सामू बघून काम केलंय. तुमच्याकडे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम अडवून धरतात, आमच्याकडे चुना. तुमचा पहिला प्रश्न आम्लतेचा आहे, गोण्यांचा नंतर. दापोली विद्यापीठाच्या शिफारशी बघा, त्या तुमच्या मातीसाठी आहेत.

पाटाकडचा, व्हिडिओच्या सुरुवातीलाच पाटी लावा, काळ्या जमिनीसाठी, सामू साडेसातच्या पुढे. नाहीतर हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून कोकणात पोचेल आणि कोणीतरी त्याप्रमाणे सुपर मोजत बसेल.

---

खाचर | 21 ऑक्टोबर, सकाळी 8:20

पोचलाच समजा. आमच्याकडे घाटावरचे व्हिडिओच जास्त येतात.

---

रब्बीवाली | 21 ऑक्टोबर, दुपारी 12:30

जस्ताचं पुढे काय? 0.42 कमी आहे म्हणालात, पण हिशेबात ते कुठेच आलं नाही.

---

दादासाहेब_बी | 21 ऑक्टोबर, दुपारी 12:50

झिंक सल्फेट एकरी 10 किलो, पेरताना खतात मिसळून टाकायचं. आम्ही तेच करतो.

---

तिफण | 21 ऑक्टोबर, दुपारी 1:35

मात्रा बरोबर, हेक्टरी 25 किलो म्हणजे एकरी 10. पण खतात मिसळून नको, निदान सुपर किंवा डीएपीत तर नकोच. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की न विरघळणारं झिंक फॉस्फेट होतं. दोन्हीचे पैसे मोजलेत आणि दोन्ही अडकले. झिंक सल्फेट चाळलेल्या शेणखतात कालवून शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी विस्कटा. सुपर नंतर पेरणीबरोबर ओळीत. एकदा टाकलेलं जस्त दोन-तीन हंगाम पुरतं, दरवर्षी टाकायची गरज नाही. पुढच्या वेळी तपासून ठरवा.

लोह 3.9 आहे, मर्यादा 4.5. गव्हाला मी त्यासाठी काही करणार नाही. पुढच्या सोयाबीनला मात्र कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हाच आकडा आठवा. चुनखडीत फेरस सल्फेट जमिनीतून दिलं तर बरंच वाया जातं, तिथे फवारणी.

---

पाटाकडचा | 21 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:45

काका, नत्राबद्दल शंका आहे. एकरी 60 किलो टाकायला सभासद तयार आहे, आनंदाने तयार आहे. पण तुम्हीच लोळण्याचं म्हणालात. आधी सोयाबीन होतं, त्याचा बेवड चांगला, गळ रानातच पडलीय. मग 25 टक्के वाढवायचं की नाही?

---

तिफण | 21 ऑक्टोबर, रात्री 8:30

खरं सांगायचं तर अहवालातल्या सगळ्या आकड्यांत मी सर्वात कमी विश्वास नत्रावर ठेवतो. स्फुरद, पालाश महिन्याभरात फारसे हलत नाहीत. नत्र हलतो. आज नमुना घेतला, मग पाणी दिलं, गळ कुजली, की आकडा दुसराच. शिवाय काही ठिकाणी तो प्रत्यक्ष काढतच नाहीत, कर्बावरून गणिताने मांडतात. तुमच्या गटातले पाच-सात अहवाल शेजारी ठेवा, नत्राला कर्बाने भागा. भागाकार सगळीकडे तोच आला तर समजा की नत्राची वेगळी तपासणी झालेलीच नाही.

म्हणून मी काय करीन ते सांगतो. पेरताना शिफारशीचा निम्मा, म्हणजे एकरी 24 किलो, युरियाची एक गोणी आणि सात किलो. दुसरा हप्ता 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हाच्या पाण्याला. तोही 24 धरून चालायचं. तक्त्याने वाढवलेले 12 किलो त्या वेळी पीक बघून, रंग फिका असेल, फुटवे कमी असतील तर द्यायचे. काळंभोर हिरवं असेल तर गोणी घरातच राहू द्या. तक्त्याच्या बाजूचे लोक याला हरकत घेतील.

---

दादासाहेब_बी | 21 ऑक्टोबर, रात्री 8:55

घेतोच. मग अहवाल कशाला काढायचा? नत्र पीक बघून, स्फुरद दोन तक्त्यांतल्या आवडेल त्या तक्त्याने. हे व्हिडिओत बोललात तर लोक म्हणतील, बरं झालं आम्ही तपासलं नाही.

---

तिफण | 21 ऑक्टोबर, रात्री 9:20

आवडेल त्या तक्त्याने नाही, एकाच तक्त्याने. आणि या एका कागदाने काय काय ठरलं बघा. डीएपीऐवजी सुपर. एकरी 26 किलो पालाश जात होता तो 8 वर आला, कारण 10:26:26 च्या दोन गोण्यांतून 26 किलोच जातो. दहा किलो झिंक सल्फेट, जे त्याने बहुधा कधीच टाकलं नव्हतं. नत्राचा प्रश्न अर्धा राहिला, तर राहिला.

---

काउंटर | 21 ऑक्टोबर, रात्री 10:05

पालाशावरून माझं गिऱ्हाईक भांडेल. "पोटॅशने दाणा भरतो" हे डोक्यात पक्कं आहे. दहा सव्वीस सव्वीस बंद कर म्हटलं तर म्हणतो, तुझ्याकडे माल नाही म्हणून सांगतोस. आणि काका, 540 किलो असताना ते 8 किलो तरी कशाला? सरळ शून्य करा ना. तेरा किलोसाठी चौघांनी गोणी वाटत बसायची.

---

तिफण | 21 ऑक्टोबर, रात्री 10:40

इथे माझं मत तक्त्याच्या विरुद्ध जातं, म्हणून जपून बोलतो. तक्ता निम्म्याच्या खाली जात नाही. त्यामागे विचार असा की पीक दरवर्षी पालाश उचलतं, तो कुठूनतरी भरला पाहिजे. पण 540 वर एक हंगाम गव्हाला पोटॅश दिलं नाही तर उत्पादन घटेल असं मला वाटत नाही. हेच रान उसाखाली किंवा केळीखाली असतं तर मी शून्य म्हटलं नसतं, ती पिकं पालाश प्रचंड ओढतात. गव्हाचा पेंढाही रानाबाहेर जात असेल तर विचार वेगळा, कारण पालाश दाण्यापेक्षा काडात जास्त असतो.

---

द्राक्षवेल | 22 ऑक्टोबर, सकाळी 6:50

मग दोन पट्टे पाडून बघा ना. एका पट्ट्यात पोटॅश, शेजारच्या पट्ट्यात नाही, बाकी सगळं सारखं. वेगवेगळं मळा आणि वजन करा. आम्ही बागेत असंच ठरवतो, कोणाचं ऐकत नाही.

---

पाटाकडचा | 22 ऑक्टोबर, सकाळी 7:30

हे आवडलं. सभासदाला विचारतो, दहा-दहा गुंठ्यांचे दोन पट्टे देतो का. बांधाकडचे नको, मधले.

एक राहिलंच. पांढऱ्या तुकड्याची माती वेगळी पाठवणार आहे. मुख्य नमुना त्याच प्रयोगशाळेत पाठवू की बदलू? या अहवालावर भरवसा ठेवायचा का हेच आता गटात विचारतायत.

---

तिफण | 22 ऑक्टोबर, सकाळी 8:15

प्रयोगशाळेची परीक्षा घ्यायचा सोपा मार्ग आहे. घमेल्यात नीट कालवलेली तीच माती दोन पिशव्यांत भरा, दोन सभासदांच्या नावाने, वेगवेगळे गट नंबर टाकून त्याच प्रयोगशाळेत द्या. सामू जवळपास तोच यायला हवा, स्फुरद-पालाशात थोडा फरक चालतो. पण पालाश एकीकडे 540 आणि दुसरीकडे 300 आला तर बदला. पैसे दुप्पट जातील, गटात वाटून घ्या.

ओल्या काळ्या मातीची ढेकळं तशीच पाठवू नका. सावलीत वाळवा, लाकडी मोगरीने फोडा. उन्हात किंवा तव्यावर वाळवायचं नाही, घाई असली तरी. उपलब्ध पालाश आणि लोहाचे आकडे त्याने बदलतात.

---

रब्बीवाली | 22 ऑक्टोबर, सकाळी 9:00

मी ओढ्याकाठचं आणि जाऊबाईंचं असे दोन नमुने काढतेय या आठवड्यात. आमच्याकडे हरभरा आहे, गहू नाही. व्हिडिओत 2.24 चा गुणाकार कराल तेव्हा पाटी पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवा, फोन थांबवून वहीत उतरवायला वेळ लागतो. आणि हरभऱ्याची शिफारस काय धरायची, 25:50:30 च ना?

---

दादासाहेब_बी | 22 ऑक्टोबर, सकाळी 9:25

हो, 25:50:30. पण ताई, आधी एककाचा रकाना बघा.